त्याला उंबऱ्याबाहेरच थांबू दे

*ताई, नमस्कार. आम्ही नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहतो. माझा दादा ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीला गेला, तेव्हापासून घरी आलेला नाही. आता डिसेंबरात येतोय आणि हे फक्त मला माहीत आहे. आईबाबांना सरप्राइज द्यायचं आहे. एका इव्हेंटवाल्याने सुचवलं की आईच्या डोळ्यांना पट्टी बांधून तिला हॉलमध्ये आणायचं. पंचवीस-तीस नातेवाईक, फुगे, गाणं, मोठ्या खोक्यातून दादा बाहेर आणि दोन कॅमेरे. मला मात्र एकच क्षण हवाय, जो आम्हाला जन्मभर पुरेल. बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, आईला बीपीची गोळी सुरू आहे. दादाचा रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल असतो, तेही सांभाळायचं आहे. आजी असती तर तिनेच भाकरतुकडा ओवाळून त्याला घरात घेतलं असतं. ती २०२३ च्या पावसाळ्यात गेली, तेव्हा दादाला येता आलं नाही. कसं करू?*
*— दादाची बहीण*

अगं, तू जे पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंस, तोच तुझा क्षण. भाकरतुकडा.

जरा डोळ्यांसमोर आण. माणूस लांबून आलेला आहे, दारात उभा आहे, पण आत यायचं नाही. घरातली बाई त्याला बघते आणि पाठ फिरवून आत जाते. डब्यातली भाकर काढते, तुकडा मोडते, तांब्यात पाणी घेते आणि परत येते. तुकडा त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकते, त्याच्या पायांवर पाणी घालते, ओला हात त्याच्या डोळ्यांना लावते. मग तो आत येतो. तुमच्या घरी पद्धत थोडी वेगळी असेल, कुणाकडे मीठमोहरीही असते. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी आहे: दोघांनी एकमेकांना पाहिलंय आणि तरी अजून भेटायचं आहे. हॉलमधून स्वयंपाकघरात जाऊन परत यायला साधारण अर्धा-पाऊण मिनिट लागतं. एवढा वेळ दादा बाहेर उभा आणि आई आत, हात थरथरत भाकर मोडते आहे. तुला जो क्षण धरून ठेवायचा आहे, तो आपल्या आज्यांनी केव्हाच धरून ठेवलाय.

मी वीस वर्षांहून जास्त काळ हौशी नाटकं बसवली, राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर कितीदा तरी उतरले. नवे नट एक चूक हमखास करतात. त्यांना सांगितलं, ‘इथे पॉज घे,’ की ते वाक्य म्हणून नुसते गप्प उभे राहतात. दोन सेकंदांतच तो पॉज पडतो आणि प्रेक्षक खोकायला लागतात. पॉज टिकतो तो पात्राकडे थांबायचं काही कारण असलं तर. पाणी आणायला गेलेली बाई, न उघडणारी कडी, पायातली न सुटणारी चप्पल. हात कामात असतात आणि मन दुसरीकडे असतं, तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून बघतात. घरातही तसंच आहे. आईला ‘आता रड’ किंवा ‘आता मिठी मार’ असं कुणी सांगू शकत नाही. तिच्या हाताला काम दे, थांबायला खरं कारण दे, म्हणजे तो क्षण आपोआप उभा राहील.

इव्हेंटवाल्याचा बेत का नको, तेही सांगते, कारण उद्या घरातलं कुणीतरी तोच बेत पुन्हा पुढे करेल. डोळ्यांना पट्टी बांधली की आईला कळतं, काहीतरी होणार आहे. ती पट्टीमागे चेहरा तयार करते, हसून ठेवते. पट्टी सुटते तेव्हा आपल्याला तिचा खरा चेहरा दिसत नाही, लोकांसमोर कसं दिसायचं याची काळजी असलेला चेहरा दिसतो. त्यात समोर तीस माणसं. कुणाकडे आधी बघावं तेच तिला कळत नाही. आणि गाणं लागलेलं असलं की कुणाला गप्प राहताच येत नाही.

हे मी आमच्याच घरात भोगलंय. माझा मुलगा अमेरिकेहून पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही विमानतळाबाहेर ढोल लावला होता, फोटोवाला बोलावला होता. माझ्या सासूबाईंनी नातवाला बघितलं, एक पाऊल पुढे टाकलं, तोंडाशी पदर नेला. फोटोवाला म्हणाला, ‘आजी, पदर खाली, परत एकदा.’ त्यांनी पदर खाली घेतला आणि परत एकदा केलं. तो फोटो अजून आहे. त्यात त्या कॅमेऱ्याकडे बघताहेत. पहिल्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते आमच्यापैकी एकानेही नीट पाहिलं नाही. सगळे ढोलाकडे नाहीतर फोटोवाल्याकडे बघत होतो. त्या आता नाहीत. म्हणून तुला इतक्या कळकळीने लिहिते आहे.

तर पहिला निर्णय: हे सरप्राइज एकट्या आईचं आहे. एका क्षणाला एकच चेहरा पुरतो. दोघांना एकाच वेळी चकित करायला गेलीस तर आईच्या तोंडाकडे बाबा बघतील, बाबांच्या छातीकडे तू बघशील आणि दादाकडे कुणीच नीट बघणार नाही. बाबांना आदल्या संध्याकाळी सांग. चार दिवस आधी सांगू नकोस, इतके दिवस ते त्यांच्या चेहऱ्यावर लपणार नाही. संध्याकाळी फिरायला जाता ना, तेव्हा घराबाहेर सांग, म्हणजे काय रडायचं-हसायचं ते रस्त्यातच होईल. दुसऱ्या दिवशीसाठी त्यांना एक काम नेमून दे, नाहीतर ते सकाळपासून पाच वेळा फाटकापर्यंत जाऊन येतील. व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचं आणि दादा आला तरी उठायचं नाही, एवढंच त्यांचं काम.

बाबांना आधी सांगण्यामागे त्यांच्या हृदयाचाही विचार आहे. अचानक आलेला भावनेचा लोंढा, मग तो आनंदाचा का असेना, क्वचित हृदयाला झेपत नाही. उतारवयाकडे झुकलेल्या बायकांमध्ये असा धक्का बसून हृदयाचे स्नायू तात्पुरते ढिले पडल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. असं फार थोड्यांना होतं, घाबरून बेत सोडण्याइतकं नाही. पण त्या सकाळी आईची गोळी आणि नाश्ता झालेला असू दे, दाराजवळ एक खुर्ची असू दे. बाबांच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारून ठेवलंस तर उत्तम. आणि छातीत दाब, दम लागणं, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येणं असं कुणालाही झालं तर ‘आनंदाने झालं असेल’ म्हणून बसून राहायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

धक्का हलका करायचा आणखी एक उपाय आहे, आणि त्यानेच हा बेत जास्त सुंदर होतो. चेहऱ्याच्या आधी आवाज येऊ दे.

तुमच्या घराला लोखंडी फाटक असणार. फाटकाची कडी प्रत्येक जण वेगळी वाजवतो, आणि कोण आलं हे आईला स्वयंपाकघरातून ओळखता येतं. दादा कॉलेजातून यायचा तेव्हा काय करायचा, आठव. कडी दोनदा आपटायचा का? फाटकातूनच ‘आई, आलो गं’ म्हणायचा का? जे करायचा तेच त्याला करू दे. आता गंमत बघ. गेली चार वर्षं त्याचा आवाज आईने फोनमधूनच ऐकलाय. त्यामुळे हा आवाज ऐकल्यावर ती बहुतेक तुला विचारेल, ‘दादाचा फोन आला का गं? या वेळी कसा?’ तू उत्तर द्यायचं नाहीस. पाहिजे तर न्हाणीघरात जाऊन बस, नळ सोड. तिला स्वतःला कळू दे की आवाज फोनमधून येत नाहीये, अंगणातून येतोय. स्वयंपाकघरापासून दारापर्यंतच्या त्या दहा-बारा पावलांत तिचं मन अर्धं तयार होतं. दार उघडून एकदम समोर माणूस दिसण्यापेक्षा हे कितीतरी मऊ आहे, आणि तिच्या कानांनी त्याला आधी ओळखलं, हे तिला पुढे जन्मभर सांगता येईल.

आता लपवाछपवीबद्दल. ‘सुट्टी मिळाली नाही, यंदाही येत नाही’ असं दादाला बोलू देऊ नकोस. ते ऐकून आई कोपऱ्यात जाऊन रडेल, आणि तुझ्या एका सकाळीसाठी तिने महिनाभर कशाला रडायचं? ‘अजून काही ठरलं नाही’ एवढं पुरे. तिला दाराशी आणायला अपघात, पोलीस, बाबांना बरं वाटत नाही असलं काहीही वापरायचं नाही. भीतीने धावत आलेली बाई समोर मुलगा बघून आधी चिडते, मग घाबरते, मग रडते, आणि आनंदाला जागाच उरत नाही. हे मी एका शेजारघरी पाहिलंय.

नऊचा कॉल मात्र नीट जुळवावा लागेल. डिसेंबरात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतं. समजा तो फ्रँकफर्टहून तिथल्या दुपारी एकला निघाला, तर आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. मुंबईपर्यंत आठेक तास लागतात, म्हणजे रात्री दीडच्या सुमारास तो उतरेल. नऊ वाजता तो नेमका हवेत असेल. काही न सांगता कॉल चुकला तर आई रात्रभर जागी राहील. म्हणून आदल्या रात्रीच्या कॉलमध्ये त्याने साधं खरं सांगावं: ‘उद्या मी प्रवासात आहे, बोलणं होणार नाही, परवा बोलू.’ त्यात खोटं एक अक्षर नाही. ती विचारेल कुठे चाललास, तर ‘कामं आहेत जरा, आल्यावर सांगतो.’ तेही खरंच.

मुंबईत त्याला इमिग्रेशन करून बॅगा पट्ट्यावरून घ्याव्या लागतील, कस्टम ओलांडून नागपूरच्या विमानासाठी त्या पुन्हा द्याव्या लागतील. त्यामुळे दोन विमानांमध्ये चार तास तरी हवेत, आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असले तर बरं. पहिलं विमान लांबलं तर पुढची सोय विमान कंपनीला बघावी लागते. दिल्लीमार्गे येत असेल तर शक्य असल्यास बदलून घे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुक्याने दिल्लीची विमानं तासन् तास अडकतात. मुंबई-नागपूर दीड तासाचा प्रवास, म्हणजे पहाटेच्या विमानाने तो आठच्या सुमारास सोनेगावला उतरेल.

तिथून तुमचं घर अगदी जवळ आहे, आणि हीच खरी अडचण. पावणेनऊला तो दारात येईल तेव्हा आई अंघोळीला, नाहीतर देवाजवळ, नाहीतर फोडणीपाशी असेल. गॅसवर कढई असताना हे मुळीच व्हायला नको. तू स्वतः विमानतळावर जाऊ नकोस. सकाळी तू घरात नाहीस हे आईच्या लगेच लक्षात येईल. त्याच्या एका मित्राला पाठव. मित्राने त्याला आपल्या घरी न्यावं, अंघोळ करू द्यावी, तर्री-पोहे खाऊ घालावेत, तासभर पडू द्यावं. रात्रभर तो झोपलेला नसेल. साडेदहा-अकराची वेळ धर. आई तेव्हा काय करते ते चार दिवस आधीपासून नुसतं बघून ठेव. बहुतेक घरांत तेव्हा पूजा झालेली असते, वरण शिजलेलं असतं, ती भाजी निवडायला बसते. विमान लांबलं तर संध्याकाळी चारला, चहाच्या आधी. घड्याळ बघून वेळ पाळू नकोस. मित्राचा ‘कोपऱ्यावर आहोत’ असा संदेश आला आणि गॅस बंद आहे, एवढं जुळलं की तू त्याला ‘ये’ म्हण.

माहीत असणारी माणसं चारच: तू, दादा, मित्र आणि आदल्या संध्याकाळपासून बाबा. मावशीला सांगायचं मन होईल, सांगू नकोस. माणसं फोडत नाहीत गं, पण ‘काय मग, तयारी झाली का?’ एवढं विचारून बसतात.

गाडी कोपऱ्यावरच थांबू दे. बॅगा गाडीत ठेवायच्या. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा सिमेंटच्या रस्त्यावरून ओढल्या की अख्खी गल्ली बाहेर येते, आणि समोरच्या काकू ‘अरे, आला का!’ म्हणून ओरडल्या की तुझा बेत तिथेच संपला. हातात गुच्छ नको, खांद्यावर पिशवीही नको. मास्क, टोपी, गॉगल काढलेले असू देत. तुमचं दार पूर्वेला असेल आणि ऊन त्याच्या पाठीमागून येत असेल तर आतून तो नुसती काळी आकृती दिसेल. परका कुणी उभा आहे असं आईला क्षणभरही वाटू नये. म्हणूनही अकराच्या सुमाराची वेळ बरी, ऊन वर चढलेलं असतं. आणि दाराला डासांची जाळी असेलच; ती बाहेर उघडते. त्याने दाराला चिकटून उभं राहायचं नाही, दोन पावलं मागे, जोडे काढून.

आता तो नेमका क्षण.

आई दार उघडते. दादा तिच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. ‘सरप्राइज’ हा शब्द त्या घरात कुणीही उच्चारायचा नाही. बाबा खुर्चीत, तू आतल्या दाराच्या चौकटीत, दोघं जागचे हलत नाही. आई काहीतरी म्हणेल. काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, कदाचित नुसतं त्याचं नाव. ती पुढे येईल तेव्हा दादाने वाकून नमस्कार करावा, तो उंबऱ्याबाहेर राहूनच. नमस्काराने मिठी चार क्षण लांबते, आणि तेवढ्यात बहुतेक आयांच्या तोंडून ते निघतं: ‘थांब, थांब, आत येऊ नको!’ हात आपोआप आडवा होतो. हे आपल्याकडच्या बायकांच्या अंगात मुरलेलं असतं, आठवून करावं लागत नाही.

नाहीच सुचलं तर? तर दादाने एवढंच विचारावं, ‘आई, भाकरतुकडा?’

हे दोन शब्द त्याच्यासाठी राखून ठेव. तुमच्या घरी आतापर्यंत ते आजीचं काम होतं. दादा दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आला तेव्हा याच दारात आजीने तुमच्या आईवरून आणि तिच्या हातातल्या त्या बाळावरून ओवाळलं असेल. आज आजी नाही, आणि तुकडा घेऊन कुणी यायचं, हे आईच्या लक्षात येईल ते तिथेच, त्याच क्षणी. ती आत वळेल ती सून म्हणून आणि परत येईल ती घरातली मोठी बाई म्हणून. आत ओट्याशी ती दोन मिनिटं थांबली तर थांबू दे. मागे जाऊ नकोस, ‘आई, मी देते’ म्हणू नकोस, तांब्या पुढे करू नकोस. तुझ्या हातून होण्यासारखी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही मदत. आणि दादाला सांगून ठेव की त्या वेळात खिशातला फोन काढायचा नाही, बाबांशी बोलायचं नाही, तुला खुणा करायच्या नाहीत. ज्या दारातून आई आत गेली तिकडे बघत उभं राहायचं.

भाकर मात्र घरात हवी. आपल्याकडे रोजच्या जेवणात पोळ्याच असतात, म्हणून आदल्या रात्री झुणका-भाकरीचा हट्ट धर आणि एक भाकर डब्यात उरेल असं बघ. रात्रीची भाकर चालते. तिला त्या वेळी पीठ मळायला लागू नये. तांब्या नेहमीच्या जागी घासलेला असू दे. ओवाळणीचं ताट, कुंकू, निरांजन मांडून ठेवू नकोस. मांडलेलं ताट दिसलं की आईला सकाळीच संशय येईल.

आणि समज, तिने काहीच न ऐकता धावत जाऊन त्याला गच्च धरलं, तर? मग तेच खरं. दादाला सांग, तिचे हात सोडवून ‘अगं, थांब, भाकरतुकडा’ असं म्हणायचं नाही. ती शांत झाली की तिला स्वतःला आठवेल आणि ती त्याला पुन्हा उंबऱ्याबाहेर ढकलून आत पळेल. उशिराने केलं तरी चालतं. नाहीच आठवलं तर राहू दे.

चित्रण हवं असेल तर एक फोन पुरे, आणि तो कुणाच्या हातात नको. हॉलमधल्या पुस्तकांच्या फळीवर बाजूने असा टेकवून ठेव की दार आणि स्वयंपाकघराकडे जाणारी वाट दोन्ही दिसतील. मित्राचा संदेश आला की सुरू कर, दहा-बारा मिनिटं चालू राहू दे; एक-दीड जीबी जागा मोकळी ठेव आणि फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर मध्येच कुणाचा तरी कॉल येऊन चित्रण थांबायचं. म्हणजे मित्राचा संदेश घ्यायला दुसरा फोन लागेल, बाबांचा घे. उघड्या दारातून उजेड आला की आतले चेहरे काळे पडतात. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळी दार उघडं ठेवून स्वतः उभी राहून बघ, स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की उजेड तिथे पक्का होतो. आई आत भाकर मोडते आहे ते चित्रणात येणार नाही. तिथे दुसरा कॅमेरा लावायचा विचारही करू नकोस. रिकामा हॉल, उघडं दार आणि बाहेर उभा दादा एवढंच त्या पाऊण मिनिटात दिसेल, आणि पुढे पुन्हा पुन्हा बघाल ते हेच. आईला विचारल्याशिवाय ते कुठेही टाकायचं नाही.

एक गोष्ट तुझ्या मनात आली नसेल. दादा आत येईल तेव्हा त्याला आजीची खाट दिसणार नाही. त्याने ते घर आजीसकटच पाहिलेलं आहे, आणि व्हिडिओ कॉलमध्ये दिसतो तो सोफ्याचा एक कोपरा. सरप्राइज आईला आहे, त्याला नको. निघायच्या आठवडाभर आधी त्याला हॉलचे, आजीच्या खोलीचे फोटो पाठव. खाट कुठे गेली, आजीचा फोटो कुठे लावलाय, तिच्या वस्तू कुणाकडे आहेत, सगळं सांग. त्याचं पहिलं रडणं तिकडेच, फोनवर तुझ्याजवळ होऊ दे. तरी आत आल्यावर आई त्याला बहुतेक थेट त्या फोटोपाशी नेईल आणि तिथे दोघं पुन्हा रडतील. तो क्षण तुझ्या बेतात नाही, त्यात तू काही घालू नकोस. तू स्वयंपाकघरात जा आणि वरण तापत ठेव.

दुपारी साधं जेवण: वरणभात, भाजी, उरलेली भाकर. सांबारवडी आणि वडाभात दुसऱ्या दिवशी. दादा तीनपर्यंत पेंगायला लागेल, झोपू दे. नातेवाईकांना रविवारी बोलाव, पंचवीस काय, पन्नास बोलाव, फुगेही लाव. तोवर घरातली माणसं एकमेकांना भेटून झालेली असतील. इव्हेंटवाल्याला द्यायचे पैसे त्या जेवणावळीला वापर.

आणि मित्रांनी कितीही आग्रह केला तरी त्या रात्री दादाला बाहेर जाऊ देऊ नकोस. नऊ वाजता आई सवयीने फोन हातात घेऊन सोफ्याच्या त्या कोपऱ्यात येऊन बसेल. तेव्हा तो तिच्या समोर बसलेला असू दे.